मारीत की भारी त

आर्णीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानावर एक कॉम्प्युटर सेंटर होतं. माझी विनाअनुदानित शाळा बंद पडल्यावर मी तिथे पाच-सहा महिने काम केलं. काम सांगायला सोपं होतं. लोकांनी हातानं लिहिलेलं मराठी वाचायचं आणि टाइप करायचं. कुठल्याशा कंपनीला कॉम्प्युटरकडून हस्ताक्षर वाचून घ्यायचं होतं, आणि त्याला शिकवायला आधी माणसांनी वाचलेलं लागत होतं. सेंटरवाल्या भाऊंनी तालुकाभर फिरून दुकानदार, शेतकरी, अंगणवाडीच्या बाया, ड्रायव्हर अशा सगळ्यांकडून एकेक पान लिहून घेतलं होतं. विषय मनाला येईल तो.

पान स्कॅन व्हायचं, मग त्याच्या एकेका ओळीची पट्टी कापली जायची आणि ती पट्टी आमच्यासमोर यायची. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, मागची ओळ नाही, पुढची ओळही नाही. एकच ओळ दोघींना स्वतंत्रपणे दिली जायची. दोघींनी टाइप केलेलं जुळलं तर ओळ मंजूर. नाही जुळलं तर ती तिसऱ्या माणसाकडे जायची आणि तो देईल तो निकाल.

दोघींपैकी एक मी. दुसरी गॅरेजवाल्याची मुलगी. तिच्या अब्बांचं मोटारसायकलचं गॅरेज त्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. लग्नपत्रिका आणि बॅनर टाइप करून तिचा हात तयार झाला होता. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण कामात माझ्या पुढे. तिसरे होते सर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मला मराठी वाचता येत नाही. छापलेलं येतं, मुलांच्या वह्यांतलं येतं, पण हे वेगळं होतं. कोणी शब्द संपला तरी वरची रेघ थांबवत नाही, मग दोन शब्द एकमेकांचा हात धरून उभे राहतात. कोणी मधेच पेन उचलतो, मग एका शब्दाचे दोन होतात. कोणी रेघ देतच नाही. मग म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या जोड्या जुळ्या भावांसारख्या दिसायला लागतात, कारण त्यांच्यातला फरक डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असतो. भ, ध, थ यांची तिथे छोटी गाठ असते आणि रेघ तेवढ्यापुरती तुटते. म, घ, य यांच्यावर ती सरळ जाते. गाठ घाईत राहिली किंवा रेघेत बुडाली, की झालं.

माझी पहिली फजिती ख नं केली. एका गृहस्थानं लिहिलं होतं, मी रोज सकाळी रवा करतो. मधली जागा रेघेनं बुजलेली. मी टाइप केलं, ‘मी रोज सकाळी खाकरतो.’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुष्कळ लोक खाकरतात. गॅरेजवालीनं बरोबर टाइप केलं होतं, त्यामुळे ओळ सरांकडे गेली. सरांनी ती मोठ्यानं वाचली. त्या दिवसापासून मी जिना चढून आत आले की सर कागदातून मान वर न काढता खाकरायचे.

गॅरेजवालीची फजिती उलट्या बाजूची होती. उन्हाळ्यात माठ भरला की गार वाटते, अशी ओळ होती. तिनं टाइप केलं, ‘माठ मरला.’

“अहो बाई, माठ मरतो का?” सरांनी विचारलं.

“मले म दिसून राह्यला सर. गाठ नाहीच तिथं. पाहा तुमी.”

“अर्थ बघायचा की नाही?”

“अर्थ पाहाले ताई हाय ना. मी अक्षर पाहातो.”

ते खरंच होतं. मी वाक्य आधी ओळखायची आणि मग अक्षरं त्यात बसवायची. ती अक्षर धरायची आणि वाक्य गेलं तर जाऊ द्यायची. दोघी मिळून एक बरा वाचणारा झाला असता. पण बोलायची मनाई होती. एकीनं दुसरीला विचारलं तर दोनदा वाचण्याचा उपयोग काय? म्हणून आमच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या. त्यामुळे तोंडं दिसायची नाहीत, कुजबुज मात्र छान ऐकू यायची.

सरांवरही एकदा पाळी आली. कोणीतरी ‘आशिर्वाद’ असं ऱ्हस्व लिहिलं होतं. सरांनी ते दीर्घ केलं. अशा अनेक ओळी त्यांनी सुधारल्या होत्या. कंपनीच्या वरच्या ऑफिसनं सगळा गठ्ठा परत पाठवला. लिहिणाऱ्यानं चूक केली असेल तर चूकच टाइप करायची, हा पहिला नियम होता.

“म्हणजे मी माझ्या हातानं अशुद्ध लिहू?” सर भाऊंना म्हणाले.

“लिहा सर. लोक कसे लिहितात थे त्या मशीनले कळलं पाहिजे.”

सरांनी दोन दिवस तोंड पाडून चुका टाइप केल्या. एकेक चूक टाइप करताना त्यांचा हात लाल पेनाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. तो राग निघाला आमच्यावर. त्यांनी भिंतीवर एक कार्डशीट चिकटवलं, दोन रकाने आखले आणि आमच्या चुका लाल पेननं लिहायला सुरुवात केली. दर शनिवारी दुपारी ते दोन्ही रकाने मोठ्यानं वाचायचे. खाली सुटे भाग घ्यायला आलेली गिऱ्हाइकंही ऐकायची. एकदा खालून एकानं विचारलं, “वर शाळा चालू झाली काय?”

आम्हाला बदला घ्यायचा होता हे मी लपवत नाही.

संधी आली एका मंगळवारी. माझ्यासमोर एक पट्टी आली तिच्यावर तांबडे ठिपके होते. मी पहिला ठिपका अनुस्वार समजून टाइप केला, मग पाहिलं तर ठिपके रेघेच्या वर होते, खाली होते, समासातही होते. पाठीमागून आवाज आला.

“ताई, तिखट आलं का तुमच्याकडं?”

“कसलं तिखट?”

“थे लाल लाल. तिखटच हाय थे. आमच्या गल्लीतले गिरणीवाले हायत ना, मिरची कांडपाचे, त्यायचा कागद हाय हा. भाऊनं तिथंच बसून लिवून घेतलं असंन.”

त्या दिवशी दुपारपर्यंत त्या पानाच्या ओळी मागेपुढे होऊन येत राहिल्या. हस्ताक्षर मजेशीर होतं. अक्षरं साधी, गोल, पण वरची रेघ ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग, जणू दोरीवर कपडे वाळत घातलेत. शब्द कुठे संपतो ते त्या रेघेवरून कळणं शक्यच नव्हतं. एका ओळीत होतं, तांड्याच्या शाळेत एकच गुरुजी चार वर्ग. दुसरीत होतं, रेघ वाकडी आली का पट्टी हातावर.

माझे हात थांबले. सर नोकरीची पहिली अकरा वर्षं एका तांड्यावरच्या शाळेत होते. एकट्यानं शाळा चालवली, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की त्या शाळेच्या कौलांची संख्या तेवढी माहीत व्हायची राहिली होती.

मग ती ओळ आली. आमचे गुरुजी लय, आणि पुढे एक शब्द. किंवा दोन.

“मारीत,” पाठीमागून कुजबुज आली. “मी ‘मारीत’ लिवलं. तुमी ‘भारी त’ लिवा.”

“मलाही मारीतच दिसतंय.”

“मलेबी दिसून राह्यलं ना. पण दोघीनं एकच लिवलं तर थे सरांपर्यंत जाईनच नाई.”

मी नियम पाळणारी बाई आहे. मी अर्धा मिनिट थांबले. मग ‘आमचे गुरुजी लय भारी त’ असं टाइप केलं आणि ओळ पुढे ढकलली. गंमत अशी की टाइप केल्यावर मी परत पाहिलं तर मला तेही दिसायला लागलं. म च्या डाव्या खांद्यावर काहीतरी होतं, गाठीसारखं. री आणि त यांच्यात किंचित जास्त जागा होती, पण रेघ त्या जागेवरूनही बिनदिक्कत गेली होती. थोड्या वेळानं तिच्या पुढची असावी अशी ओळ आली, होते अन शिकवाचे बी तसेच. ती दोन्हीकडे चालत होती. गुरुजी लय मारीत होते, किंवा गुरुजी लय भारी तर होतेच. लिहिणाऱ्यानं आम्हाला काहीच मदत केली नव्हती.

संध्याकाळी ती ओळ सरांच्या पडद्यावर गेली. आम्ही दोघी खाली मान घालून काम करत होतो. सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पट्टी मोठी केली. अजून मोठी केली, इतकी की पडद्यावर फक्त एक अक्षर राहिलं. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेले. त्या ओळीवर निकाल दिला नाही.

बुधवारीही दिला नाही. गुरुवारी ते घरून भिंग घेऊन आले. पडद्याला भिंग लावून काही होत नसतं, नुसते चौकोन दिसतात, पण त्यांना ते कोण सांगणार? शेवटी ते भाऊंकडे गेले.

“मला पूर्ण पान पाहिजे.”

“कोण्या ओळीचं, सर?”

“आहे एक.”

निकाल देणाऱ्याला पूर्ण पान पाहायची मुभा होती. भाऊंनी ते उघडून दिलं. सरांनी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले.

“हे पोरगं माझं आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत आहे ना हा कोण ते? दोघींच्या कुजबुजीत गिरणी ऐकली मी. जा, बोलावून आणा.”

मी गिरणीत गेले. ते पोरगं पंचेचाळिशीचं होतं, मिशा, तोंडाला बांधलेला दुपट्टा, केस मिरचीनं तांबूस झालेले. कांडपाचा आवाज इतका की मला ओरडून सांगावं लागलं की वर सर आले आहेत आणि बोलावत आहेत. त्यानं मशीन बंद केली.

“काहून? मी काय केलं?”

“काही नाही. तुमचं अक्षर लागत नाहीये.”

त्याचा चेहरा उतरला. त्यानं हातपाय धुतले, खुंटीवरचा चांगला शर्ट घातला, सगळी बटणं लावली. जिन्यात मात्र तो माझ्या मागे राहिला.

तो आत आला तशी पहिली शिंक भाऊंना आली, मग गॅरेजवालीला. शर्ट बदलला तरी मिरची काही त्याला सोडत नव्हती. त्यानं सरांना वाकून नमस्कार केला. सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

“वाच.”

त्यानं वाचलं. मनातल्या मनात वाचलं ते ओठांवरून दिसत होतं. मग त्यानं सरांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“भारी,” तो म्हणाला. “गुरुजी लय भारी. भारीच हाय थे.”

“मग पुढचा त कशाचा?”

“आपण बोलतो ना सर. भारी त होते.”

गॅरेजवालीनं ओढणी तोंडावर घेतली. शिंकेसाठी घेतली असं तिनं दाखवलं.

सर मात्र शांत होते. लिहिणारा समोर असेल तर लिहिणाऱ्याचं ऐकायचं असतं, असं भाऊ म्हणाले, तर सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “समोर मी उभा असताना हा काय सांगणार? अक्षर सांगेल.” त्यांनी पान मोठं केलं आणि दुसरे भ शोधले. वरून पाचव्या ओळीत ‘भाकर’ होतं. तिथे भ ची गाठ रेघेखाली लोंबत होती, लहान पण स्पष्ट. ‘माय’ दोनदा होतं, तिथे गाठ नव्हती, खांदा साफ. मग ते वादाच्या शब्दावर आले. खांद्यावर शाई लागून काळपट झालेला ठिपका होता. गाठ असेल, नसेलही.

“मूळ कागद काढा,” सर म्हणाले.

भाऊंनी कपाटातून फाइल काढली. सरांनी कागद खिडकीशी नेला, उजेडात धरला आणि अंगठ्याच्या नखानं त्या ठिपक्यावर हलकेच खरडलं. ठिपका निघाला. खाली शाई नव्हती. सरळ, साफ खांदा होता. आणि नखाखालचं तिखट उडून सरांच्या नाकात गेलं. ते सलग सात-आठदा शिंकले. गिरणीवाला पाण्याचा ग्लास घेऊन धावला.

“मारीत,” सर शिंका थांबल्यावर म्हणाले.

गिरणीवाला जमिनीकडे पाहत होता. “लिवलं असंन सर. पण तुमी मारत त होते.”

खाली कोणी तरी हॉर्न वाजवून पाहत होतं.

“मारत होतो,” सर म्हणाले. मग हेडमास्तर जागा झाला. “पण भ ची रेघ डावीकडे तोडायची असते हे तुला किती वेळा सांगितलं होतं? तू तोडली असतीस तर ही वेळ आली असती का?”

“कवा सांगतलं सर? तुमी त सांगाचे, आधी सारे अक्षरं काढा, मंग पट्टी ठेवून एक रेघ मारा. रेघ तुटली का हातावर पट्टी. मी आजबी तसंच लिवतो. माया पोरीच्या वहीतबी मी तशीच मारतो रेघ.”

सर बसले. मला वाटलं ते नाकारतील. पण ते आठवत होते.

“तपासणी असायची,” ते म्हणाले, भाऊंना नाही, मला नाही, त्या कागदाला. “चार वर्ग, मी एकटा. साहेब येऊन वह्या चाळायचे. वाचायचं कोणी नाही, लांबून पाहायचे. सरळ रेघ लांबूनही चांगली दिसते.”

“दिसत होती सर,” गिरणीवाला म्हणाला. “साहेबानं मायी वही वर करून दाखवलती साऱ्याइले.”

सरांनी कीबोर्ड ओढला आणि एका बोटानं टाइप केलं. आमचे गुरुजी लय मारीत. दोनदा तपासून त्यांनी ओळ मंजूर केली. गिरणीवाल्यासाठी चहा मागवला. त्यानं तो उभ्यानंच घेतला, सरांसमोर खुर्चीवर बसायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही. जाताना सर त्याला म्हणाले, “हळद दळायची आहे, पाठवतो.” तो म्हणाला, “तुमी नका पाठवू सर, मीच येऊन घेऊन जाईन.”

मला दोन दिवस चैन पडलं नाही. चेष्टा करायची होती, ती झाली, पण म्हाताऱ्या माणसाला भर दुपारी चार जणांत ‘मारत होतो’ म्हणायला लावायचं आमच्या मनात नव्हतं. शनिवारी सर रकाने वाचायला उठायच्या आत मी त्यांच्या टेबलाशी गेले. गॅरेजवाली माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“सर, ती ओळ आम्ही मुद्दाम वेगळी केली होती.”

“मला माहीत आहे.”

“कसं?”

“तुम्ही ‘त’ च्या आधी जागा सोडली होती. आजपर्यंत एकदा तरी तुम्हाला रेघेखालची जागा दिसली आहे का?” त्यांनी भिंतीवरच्या माझ्या रकान्याकडे पाहिलं आणि खाकरले.

पण कार्डशीट त्या दिवशी वाचलं नाही. त्याऐवजी त्यांनी वरच्या ऑफिसला एक लांबलचक पत्र लिहिलं आणि गॅरेजवालीकडून टाइप करून घेतलं. एकटी ओळ पाहून भ की म ठरवता येत नाही, त्याच हाताचे बाकीचे भ दिसले पाहिजेत, म्हणून ओळीच्या शेजारी पूर्ण पान दाखवा. टाइप करताना ती दर दोन ओळींनी विचारत होती, “सर, हा दीर्घ का ऱ्हस्व?” आणि सर खुशीत सांगत होते. पंधरवड्यात खरंच पान शेजारी दिसायला लागलं. आमची भांडणं निम्म्यावर आली. अर्थ मला शेजारच्या ओळींतून मिळायचा, अक्षर तिला शेजारच्या शब्दांतून, आणि दोघी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पोचायचो.

काम संपत आलं तेव्हा भाऊंना काही पानं कमी पडत होती. सरांनी एक कोरा कागद घेतला आणि कोपऱ्यात पाठ करून बसले. दोन तास लिहीत होते. आम्हाला दाखवलं नाही. स्वतःच्या पानावर स्वतः निकाल द्यायचा नाही असा नियम होता, त्यामुळे त्यांच्या ज्या ओळी आमच्यात जुळल्या नाहीत त्या थेट वर गेल्या. आणि त्या बऱ्याच होत्या. हे आम्ही या वेळी ठरवून केलं नव्हतं, शप्पथ. फळ्यावर सरांचं अक्षर छापल्यासारखं यायचं म्हणे, पण कागदावर त्यांचा हात पुढे पळायचा आणि सगळे ध घ व्हायचे. वरून उत्तर आलं. तीन ओळींवर शेरा होता, वाचता येत नाही.

सरांनी तो शेरा पूर्ण वाचला, त्यातल्या शुद्धलेखनासकट. “शेरा तरी शुद्ध आहे,” ते म्हणाले, आणि खाली जाऊन तिघांसाठी गरम भजी घेऊन आले. त्या तीन ओळींत काय होतं ते मी नंतर दोनदा विचारलं. ते म्हणाले, “तुम्हीच वाचा. पान शेजारी दिसतं आता.”

मी वाचायचा प्रयत्न केला. एका ओळीत तांडा होता, एवढं लागलं. त्याच्या पुढचा शब्द गॅरेजवालीला ‘धाक’ दिसला आणि मला ‘घास’. आम्ही भजी संपेपर्यंत भांडलो.